मध्यस्थही चोरच: बनावट ‘एस्क्रो’ संकेतस्थळांचा सापळा

जुनी मोटार, दुचाकी किंवा महागडा कॅमेरा जाहिरात पाहून घ्यायचा झाला की दोन अनोळखी माणसांपुढे एकच पेच उभा राहतो. आधी पैसे द्यायचे की आधी वस्तू? गावातल्या गावात हा पेच फारसा जाणवत नाही. विकणारा कोणाचा तरी मेहुणा असतो, घेणाऱ्याचे दुकान बाजारात माहीत असते आणि व्यवहार अंगणातच उरकतो. गोव्यासारख्या लहान राज्यात मात्र जुन्या वस्तूंची बाजारपेठही लहान असते. हवी ती वस्तू, हव्या त्या रंगात आणि परवडेल त्या किमतीत शोधू लागले की जाहिरात पुण्याची, बेळगावची नाहीतर मुंबईची निघते. अंतर वाढते, ओळख संपते आणि मध्यस्थाची गरज निर्माण होते.

या पेचावरचा जुना आणि प्रामाणिक उपाय म्हणजे एस्क्रो. घेणारा पैसे विकणाऱ्याला न देता तिसऱ्याकडे ठेवतो. पैसे जमा झाल्याचे तिसऱ्याने कळवले की विकणारा वस्तू पाठवतो. घेणारा ती तपासून होकार देतो आणि मग तिसरा ते पैसे विकणाऱ्याला देतो. कोणीच कोणावर विश्वास ठेवायचा नाही, दोघांनी तिसऱ्यावर ठेवायचा, इतकेच त्याचे सूत्र आहे. फसवणूक शिरते ती नेमकी या सूत्रात. तिसरा कोण, हे जर विकणाऱ्यानेच ठरवले आणि तो तिसरा म्हणजे विकणाऱ्यानेच उभारलेले संकेतस्थळ असेल, तर घेणाऱ्याने पैसे सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून जे पाऊल उचलले त्यानेच ते गमावले जातात. या सापळ्यात हावरट माणसापेक्षा सावध माणूस अधिक सापडतो, ही त्यातली कटू गोष्ट. थेट पैसे पाठवायला नकार देणाऱ्यासाठीच तो रचलेला असतो.

बुखारेस्टचे ‘एजंट’

ही युक्ती नवी नाही. तिचा एक पुरता उलगडलेला खटला अमेरिकेतील ओहायो राज्याच्या संघीय न्यायालयात २०१९ साली चालला. आरोपी बोगदान निकोलेस्कू आणि राडू मिक्लाऊस हे रुमानियातील बुखारेस्टचे. २०१६ साली त्यांना पकडून अमेरिकेच्या हवाली करण्यात आले. त्यांची टोळी २००७ पासून काम करीत होती आणि तिने ‘बेरॉब’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरवून चार लाखांहून अधिक संगणक बाधित केले होते, असे अभियोग पक्षाने सिद्ध केले.

या टोळीने ईबे आणि तत्सम लिलावांच्या संकेतस्थळांवर मोटारी, मोटारसायकली व इतर महाग वस्तूंच्या एक हजाराहून अधिक बनावट जाहिराती लावल्या. वस्तूच्या छायाचित्रातच घातक प्रोग्रॅम दडवलेला असे. छायाचित्र उघडले की ग्राहक ईबेच्या हुबेहूब दिसणाऱ्या, पण टोळीनेच तयार केलेल्या पानावर जाई. तेथे त्याला ‘ईबे एस्क्रो एजंट’मार्फत पैसे भरण्यास सांगितले जाई. असा एजंट अस्तित्वातच नव्हता. त्या नावामागे टोळीने भाड्याने ठेवलेला एखादा माणूस असे. तो आलेली रक्कम पूर्व युरोपातील साथीदारांकडे पाठवी आणि तेथून ती आरोपींच्या हाती पडे. एप्रिल २०१९ मध्ये ज्यूरीने दोघांना दोषी ठरवले. डिसेंबरमध्ये निकोलेस्कूला २० वर्षांची आणि मिक्लाऊसला १८ वर्षांची शिक्षा झाली.

या खटल्यातील तांत्रिक कौशल्याकडे लगेच लक्ष जाते, पण टोळीच्या धंद्याचा कणा दुसरीकडेच होता: जाहिरात, मध्यस्थाचे सोंग घेतलेले पान आणि पैसे स्वीकारणारा भाडोत्री माणूस. आज भारतात जे प्रकार दिसतात त्यांत पहिल्या दोन गोष्टी फारच स्वस्त झाल्या आहेत. घातक प्रोग्रॅम लिहिण्याचीही गरज उरलेली नाही, कारण ग्राहक व्हॉट्सअॅपवर आलेला दुवा स्वतःच उघडतो. तिसरी गोष्ट, म्हणजे पैसे उतरवून घेणारे खाते, मात्र अजूनही लागतेच. पुढील सगळ्या विवेचनात ती विसरून चालणार नाही.

फोंड्याचा ग्राहक, पुण्याची मोटार

व्यवहार प्रत्यक्षात कसा घडतो हे एका कल्पित, पण नेहमीच्या वळणाने जाणाऱ्या उदाहरणावरून पाहता येईल. समजा, फोंड्यातील एका गृहस्थाला पाच-सहा वर्षे वापरलेली मोटार हवी आहे. बाजारात तिची किंमत साधारण साडेचार लाख आहे. पुण्याची एक जाहिरात ३ लाख ६० हजारांची दिसते. किंमत कमी आहे, पण संशय यावा इतकी कमी नाही. विकणारा सांगतो की त्याची बदली झाली आहे, गाडी एका वाहतूक कंपनीच्या आवारात उभी आहे, तो स्वतः आता परराज्यात आहे. नोंदणी पुस्तिकेचे छायाचित्र तो न मागता पाठवतो. वाहन क्रमांक खरा असतो, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी खऱ्या जाहिरातीतून उचललेला असतो.

गृहस्थ आगाऊ पैसे द्यायला नकार देतात. येथेच विकणारा म्हणतो, “तुमचे बरोबर आहे. मीही तुम्हाला ओळखत नाही. आपण पेमेंट प्रोटेक्शनमधून करू, फी अर्धी-अर्धी वाटून घेऊ.” आपली भीती समोरच्यानेच बोलून दाखवली आणि खर्चही वाटून घेतला, यामुळे मनावरचा ताण एकदम सैल होतो.

मग दुवा येतो. संकेतस्थळ नीटनेटके असते. नोंदणीसाठी पॅन आणि आधारची छायाचित्रे मागितली जातात. ती दिल्यावर व्यवहार क्रमांक मिळतो, दोन्ही बाजूंची नावे, गाडीचे छायाचित्र आणि ‘रक्कम येणे बाकी’ अशी स्थिती दिसते. गाडी मिळाल्यावर तपासणीसाठी ४८ तास आणि पसंत न पडल्यास पूर्ण परतावा, असे आश्वासन असते. कोपऱ्यात मदतनिसाची खिडकी असते आणि ती तत्पर उत्तर देते, कारण पलीकडे बहुधा विकणाऱ्याच्याच शेजारी बसलेला माणूस असतो. फी दीड टक्का म्हणजे ५,४०० रुपये. गृहस्थांचा वाटा २,७००. ते एकूण ३ लाख ६२ हजार ७०० रुपये भरतात.

अर्ध्या तासात स्थिती बदलते: ‘रक्कम सुरक्षित’. दुसऱ्या दिवशी ‘वाहन रवाना’. गाडी सोलापूरला, मग बेळगावला पोहोचल्याचेही दिसते. येथे फसवणूक संपली असती तर ती साधी चोरी ठरली असती. पण तिसऱ्या दिवशी निरोप येतो की परराज्यात वाहन नेण्यासाठी वाहतूक विम्याची अनामत २८ हजार रुपये भरावी लागेल, पोच झाल्यावर ती परत मिळेल. तीन लाख साठ हजार अडकलेले असताना अठ्ठावीस हजार फारसे वाटत नाहीत. ते भरले जातात. मग गाडी रोखली जाते. गृहस्थ परतावा मागतात तेव्हा कळते की परताव्यावर १८ टक्के जीएसटी आधी भरावा लागतो, म्हणजे आणखी ६४,८०० रुपये. असा कोणताही कर नाही. स्वतःचेच पैसे परत घेताना आधी कर भरण्याची पद्धत कोठेही नाही, पण त्या वेळी विचार डोळ्यांपुढच्या आकड्यापलीकडे जात नाही. तेही भरले तर एकूण ४ लाख ५५ हजार ५०० रुपये गेलेले असतात, म्हणजे चांगल्या गाडीच्या बाजारभावाहून अधिक. आणि पॅन-आधारची छायाचित्रे कायमची परक्या हाती गेली, ती वेगळीच.

उलट दिशेनेही हेच नाटक होते. म्हापशातील एखादा छायाचित्रकार कॅमेरा विकायला काढतो. घेणारा घासाघीस न करता तयार होतो आणि ‘मी एस्क्रोत पैसे भरले आहेत’ असे सांगतो. संकेतस्थळावरून मेल येतो, रक्कम सुरक्षित असल्याचे पान दिसते. पैसे आलेले नसतात; आलेले असते फक्त एक वाक्य. कॅमेरा कुरिअरने जातो आणि परत कधी दिसत नाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार युरोपात फार पसरला. ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीने त्याला ‘क्लासिस्कॅम’ हे नाव दिले. त्यात टेलिग्रामवरील एका बॉटला जाहिरातीचा दुवा दिला की काही क्षणांत त्याच छायाचित्राचे, त्याच किमतीचे ‘सुरक्षित पेमेंट’चे पान तयार होऊन मिळते. विकणाऱ्याला ते पान आपल्याच जाहिरातीसारखे दिसते आणि ‘पैसे स्वीकारण्यासाठी’ तो कार्डचा क्रमांक, मागचा तीन अंकी आकडा, कधी खात्यातील शिल्लकही भरतो. शिल्लक विचारण्याचे कारण उघड आहे: किती काढता येतील हे त्यांना आधी हवे असते. पैसे घेण्यासाठी कार्डचा गुप्त आकडा, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

दिसण्यावरून का ओळखता येत नाही

अशा प्रकरणांनंतर ‘संकेतस्थळ नीट पाहायला हवे होते’ असे सगळेच म्हणतात. ते म्हणणे फारसे उपयोगाचे नाही. अशुद्ध इंग्रजी आणि ओबडधोबड चित्रे हा जुना पुरावा आता बाद झाला आहे, कारण खऱ्या कंपनीचे संपूर्ण पान उचलून केवळ नाव बदलणे काही मिनिटांचे काम आहे. पत्त्याच्या पट्टीतील कुलपाचे चिन्हही मदत करीत नाही. ते प्रमाणपत्र मोफत मिळते आणि त्याचा अर्थ एवढाच की तुमचा संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही. पलीकडचा माणूस कोण, याबद्दल ते कुलूप काहीच सांगत नाही. चोराशीही खासगीत बोलता येते.

संकेतस्थळाचे वय मात्र काही सांगते. तळाशी ‘२००९ पासून आपल्या सेवेत’ असे लिहिलेले असते आणि तेच नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेले निघते. नाव कधी नोंदले गेले हे whois नावाच्या शोधसेवेत कोणालाही फुकट पाहता येते. वय कमी म्हणजे गुन्हाच असे नाही, पण लाखो रुपये सांभाळणाऱ्या संस्थेचे दुकान गेल्या महिन्यात उघडले असेल तर तेथे थांबावे.

पत्ता उजवीकडून वाचण्याची सवयही उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना आपापली संकेतस्थळे bank.in या शेवटाच्या नावावर नेण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठेवली. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. त्यामुळे sbi.bank.in हा पत्ता आणि sbi.bank.in.example.com हा पत्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या पत्त्याचा मालक ठरतो तो शेवटच्या example.com मुळे, आधीची अक्षरे त्याने हवी तशी लिहिली आहेत. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा सर्वांत उजवीकडचा भाग कोणाचा, एवढेच पाहायचे. अर्थात ही सोय बँकांपुरती आहे. एस्क्रो सेवा म्हणवणारे संकेतस्थळ बँक असल्याचा दावा करीतच नाही, म्हणून या नियमाचे संरक्षण तेथे तोकडे पडते.

मग परवान्याचे काय? बनावट संकेतस्थळांवर रिझर्व्ह बँकेची मुद्रा आणि एखादे प्रमाणपत्र हमखास असते. खरी स्थिती अशी की इंटरनेटवर दुसऱ्यांसाठी पैसे स्वीकारणाऱ्या बिगरबँक कंपन्यांना, म्हणजे पेमेंट अॅग्रीगेटरांना, रिझर्व्ह बँकेची मान्यता घ्यावी लागते. १७ मार्च २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अर्ज करताना किमान १५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य आणि तिसऱ्या वर्षअखेर २५ कोटींचे मूल्य त्यांच्याकडे असावे लागते. ग्राहकांचे पैसे त्यांना शेड्यूल्ड व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यातच ठेवावे लागतात. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. पण या व्यवस्थेचा रोख दुकानदार आणि त्याचा ग्राहक यांच्यावर आहे. कंपनी आधी व्यापाऱ्याची कागदपत्रे तपासून त्याला जोडून घेते आणि मग त्याच्यासाठी पैसे स्वीकारते. पुण्याचा एक गृहस्थ फोंड्याच्या दुसऱ्या गृहस्थाला आपली जुनी गाडी विकतो, हा व्यवहार त्या चौकटीत सहजी बसत नाही.

बँकाही त्रिपक्षीय करार करून एस्क्रो खाते उघडतात, परंतु ते बहुधा मोठ्या मालमत्तेच्या किंवा कंपन्यांच्या व्यवहारांसाठी. त्यात दोन्ही पक्षांची ओळख तपासली जाते, करारावर सह्या होतात, दिवस लागतात. दहा मिनिटांत, एका दुव्यावर, कोणाचीही सही न घेता चार लाखांच्या गाडीसाठी उघडलेला एस्क्रो ही भारतातील सामान्य ग्राहकाच्या अनुभवातली गोष्टच नाही. फसवणूक करणाऱ्यांनी एक खरीखुरी उणीव हेरली आहे. लोकांना अशी सेवा हवी आहे, ती असायला हवी असे वाटते आणि म्हणून ती आहे यावर चटकन विश्वास बसतो.

खात्यावरचे नाव

पान कितीही सुंदर असले तरी शेवटी पैसे एका खात्यात जातात आणि खात्याला नाव असते. सगळ्या सोंगातला सर्वांत कच्चा दुवा तोच. वरच्या उदाहरणातील गृहस्थांना संकेतस्थळाने जे खाते दिले ते एखाद्या व्यक्तीच्या किंवा ‘ट्रेडर्स’, ‘एंटरप्रायझेस’ अशा शेपटीच्या दुकानाच्या नावावर असण्याची शक्यता मोठी आहे. विचारले तर ‘ते आमचे नोडल अधिकारी’ असे उत्तर तयार असते. कधी रक्कम तीन खात्यांत विभागून भरायला सांगतात आणि कारण ‘दैनंदिन मर्यादा’ असे देतात. परक्याचे पैसे सांभाळणारी कोणतीही खरी संस्था ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या बचत खात्यात घेत नाही.

हे नाव आता भरण्यापूर्वीच पाहता येते. यूपीआयमध्ये ती सोय आधीपासून होती. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्येही खातेदाराचे नाव पैसे पाठवण्याआधी दाखवण्याची व्यवस्था बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की बँकेच्या नोंदीतील नाव समोर येते. त्यापूर्वी नावाच्या रकान्यात काहीही लिहिले तरी पैसे केवळ क्रमांकावर जात असत, ही बाब अनेकांना ठाऊकही नव्हती.

या कसोटीची मर्यादा मात्र ध्यानात घ्यायला हवी. ती एकाच बाजूने चालते. नाव जुळले नाही तर व्यवहार तेथेच थांबवावा. नाव जुळले म्हणून मात्र खात्री पटू नये, कारण ‘सर्व्हिसेस’ असे भारदस्त नाव घेऊन चालू खाते उघडणे अशक्य नाही, आणि कंपनी म्हणून नोंदणी असणे म्हणजे दुसऱ्याचे पैसे सांभाळण्याचा परवाना असणे नव्हे.

दुसरी कसोटी तंत्राची नाही, वागणुकीची आहे, आणि ती अधिक भरवशाची वाटते: मध्यस्थ कोणी सुचवला, आणि पर्याय पुढे केल्यावर समोरच्याचे काय होते? विकणाऱ्याला सांगून पाहावे की गाडी पाहायला पुण्यातील नातेवाईक येईल, नोंदणी पुस्तिका आणि मालकाचे ओळखपत्र पडताळेल, हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील, परराज्यासाठीच्या ना-हरकत दाखल्याचा अर्ज होईल आणि तुमच्याच बँकेच्या शाखेत बसून, नोंदणीतील मालकाच्याच नावावर पैसे जमा करू. खरा मालक यातल्या एखाद्या गोष्टीवर हुज्जत घालील, पण बोलणे पुढे जाईल. सोंगाड्याकडे प्रत्येक पर्यायाला कारण असते आणि सगळी कारणे पुन्हा त्याच दुव्याकडे आणून सोडतात. वाहनाच्या बाबतीत परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदींतून गाडीवर कर्ज आहे का हेही दिसते. कर्ज असलेल्या गाडीचा व्यवहार वित्तसंस्थेला वगळून होऊच शकत नाही.

पैसे गेल्यानंतर

रक्कम पाठवल्याचे लक्षात आल्यावर १९३० हा क्रमांक आणि cybercrime.gov.in हे संकेतस्थळ, हे दोन्ही मार्ग खुले आहेत. त्यामागची व्यवस्था २०२१ पासून बँकांना एकमेकींशी जोडते. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि शिल्लक असेल ती गोठवली जाते. ‘शिल्लक असेल ती’ हे शब्द येथे निर्णायक आहेत. रक्कम पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार तुकड्यांत आणखी कोठे, अशी वेगाने फिरते. मोटारीच्या उदाहरणात गृहस्थांना पहिला संशय तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, कारण ‘वाहन रवाना’ची ती खोटी वाटचाल त्यांना शांत ठेवण्यासाठीच रचलेली असते. तक्रारीच्या मौल्यवान घटका त्यात निघून जातात. तक्रारीसाठी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, खात्याचा तपशील आणि पत्त्यासह पानांची छायाचित्रे लागतात. संकेतस्थळ दिवसाकाठी नाहीसे होते, म्हणून ती आधीच घेतलेली बरी. पुढे ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा एखादा एजंट भेटला आणि त्याने आगाऊ फी मागितली, तर तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेला असतो.

कायद्याची कलमे आहेत. भारतीय न्याय संहितेचे ३१८(४) हे कलम फसवणुकीसाठी सात वर्षांपर्यंत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड हे तोतयेगिरीसाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. बुडालेल्या पैशांच्या भरपाईचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली ती ‘अनधिकृत’ व्यवहारांपुरती, म्हणजे ज्यात ग्राहकाच्या संमतीवाचून पैसे गेले त्यांच्यापुरती. येथे गृहस्थांनी स्वतः लॉगिन केले, स्वतः ओटीपी टाकला. फसून दिलेली संमतीही बँकेच्या दृष्टीने संमतीच ठरते. त्यामुळे बँकेकडून भरपाईचा हक्क सांगणे जड जाते.

ब्रिटनने याच बिंदूवर वेगळा निर्णय घेतला. फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतरणांची भरपाई ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे सक्तीची झाली, कमाल ८५ हजार पौंडांपर्यंत. भार पैसे पाठवणारी बँक आणि स्वीकारणारी बँक यांनी निम्मा-निम्मा उचलायचा. अशा हमीमुळे ग्राहक बेफिकीर होतील, ही शंका तेथेही घेतली गेली आणि ती अगदीच निराधार नाही. पण त्या नियमातला महत्त्वाचा भाग स्वीकारणाऱ्या बँकेचा आहे. चोराचे खाते आपल्या शाखेत चालू ठेवण्याची किंमत त्या बँकेला प्रथमच मोजावी लागली.

भारतात अलीकडे झालेले बदल बहुतेक पाठवणाऱ्याच्या बाजूचे आहेत. नाव दाखवण्याची सोय पाठवणाऱ्यासाठी, bank.in ओळखण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयवर ‘पैशांची मागणी’ पाठवण्याची सुविधा १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. जाहिरातींवरून विकणाऱ्यांना गंडवण्याची एक जुनी वाट त्यामुळे बुजली, आणि तो निर्णय चांगलाच होता. पण जेथे ग्राहक समजून-उमजून, सुरक्षिततेच्या कल्पनेने स्वतःच पैसे पाठवतो तेथे यांतील कोणताही बदल त्याचा हात धरीत नाही.

म्हणून प्रश्न पुन्हा त्या भाडोत्री माणसाकडे येतो. ओहायोच्या खटल्यात तो ‘एजंट’ होता, आज ते एक बचत खाते असते. कमिशनच्या आमिषाने एखादा विद्यार्थी, हंगामी कामगार किंवा बेरोजगार तरुण आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतो. महिन्याला काही हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात अचानक साडेतीन लाख येतात आणि काही मिनिटांत बाहेर जातात, हे त्या बँकेच्या संगणकाला दिसत असते. संकेतस्थळ उभारणारा कोठे बसला आहे हे शोधायला महिने लागतील, कदाचित तो सापडणारही नाही. खातेदार मात्र नाव, पत्ता आणि आधारसह नोंदलेला आहे, आणि पोलिसांची पहिली नोटीस त्याच्याच घरी पोहोचते.